सहा जणांची टीम, एकाच्या हाताने भरलेला फॉर्म: हॅकेथॉनच्या संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. समन्वयक आणि सर्व सदस्य,
हॅकेथॉन संयोजन समिती,
आमचे महाविद्यालय.

आदरणीय सर आणि मॅडम,

मी आपल्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षात शिकते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी महाविद्यालयात जी अंतर्गत फेरी होते, तिच्या नोंदणीबद्दल मी हे पत्र लिहीत आहे. समितीला मी दोनदा अर्ज दिला, त्यावर तोंडी उत्तर मिळाले आणि विषय तिथेच थांबला. हे पत्र सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, असाच फॉर्म इतर महाविद्यालयांतही वापरला जातो, हे मला तिथल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना कळले. त्यामुळे हा प्रश्न केवळ माझ्या टीमचा राहिलेला नाही.

ज्यांना या स्पर्धेची रचना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई यांच्या पुढाकाराने ही स्पर्धा 2017 पासून होते. मंत्रालये, सरकारी खाती आणि कंपन्या आपापल्या अडचणी प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणून जाहीर करतात आणि विद्यार्थ्यांच्या टीम त्यावर उपाय सुचवतात. टीम लीडर धरून टीममध्ये 6 जण असावे लागतात, ते सगळे एकाच महाविद्यालयाचे असावे लागतात आणि त्यांत किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक असते. महाविद्यालय आधी स्वतःची अंतर्गत फेरी घेते आणि त्यातून निवडलेल्या टीमची नावे महाविद्यालयाचे स्पॉक, म्हणजे संपर्कासाठी नेमलेले प्राध्यापक, पुढे पाठवतात. राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा बरीच पुढची असते. आमच्यासारख्यांचे नशीब त्याआधी ठरते, ते महाविद्यालयाच्या एका ऑनलाइन फॉर्मवर.

आपल्या समितीच्या फॉर्मवर यंदा 31 प्रश्न होते. त्यांत टीमचे नाव, सहाही जणांची नावे, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, शाखा, वर्ष, लिंग, मोबाइल आणि ईमेल, लीडरचा संपर्क, प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत आणि शेवटी 50 शब्दांत प्रकल्पाची कल्पना एवढे मागितले होते. हे सारे एकटा टीम लीडर भरतो. इतर पाच जणांना आपले नाव कुठे गेले, कोणत्या कल्पनेखाली गेले, कोणता नंबर दिला गेला, यातले काहीही समितीकडून कळत नाही. माझ्या दोन वर्षांच्या दोन्ही तक्रारींचे मूळ या एकाच गोष्टीत आहे: टाइप करणाऱ्याने जे टाइप केले ते समिती खरे धरते, आणि ज्याच्याबद्दल ते लिहिले आहे त्याला कधीच विचारत नाही.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षात होते. नोंदणी रात्री 12 वाजता बंद होणार होती. माझ्या वर्गातल्या पाच मुलांची टीम तयार होती आणि त्यांना सहावी व्यक्ती विद्यार्थिनी हवी होती. त्यांनी माझे नाव घातले. माझा मोबाइल नंबर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून घेतला, पीआरएन निकालाच्या यादीतून घेतला आणि ईमेल अंदाजाने लिहिला. मला कोणी विचारले नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आज राग नाही, कारण घाईच्या त्या अर्ध्या तासात फॉर्मने त्यांना एवढेच विचारले होते की टीममध्ये मुलगी आहे का. तिला हे माहीत आहे का, असे फॉर्मने विचारले नव्हते.

मुदत चार दिवसांनी वाढली. त्या चार दिवसांत मी, माझ्या दोन मैत्रिणी आणि तीन मित्र अशी आमची टीम जमली. आम्ही फॉर्म भरला, तेव्हा माझा पीआरएन आधीच दुसऱ्या टीममध्ये नोंदला गेल्याचे समितीने कळवले. एक विद्यार्थी एकाच टीममध्ये, हा नियम योग्य आहे. परंतु पुढे मला सांगण्यात आले की, पहिल्या टीमच्या लीडरने लेखी दिल्याशिवाय माझे नाव तिथून निघणार नाही, आणि नाव निघाले तर मुदत संपल्यामुळे ती टीम अपात्र ठरेल. ज्या नोंदणीला मी संमतीच दिली नव्हती, ती मोडल्याचा दोष माझ्यावर येणार होता. पाच जणांची मेहनत माझ्यामुळे वाया जाऊ नये म्हणून मी माझ्या स्वतःच्या टीममधून बाहेर पडले. त्या दुसऱ्या टीमच्या सादरीकरणाच्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते आणि परीक्षकांनी मला प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण प्रकल्प मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

किमान एका विद्यार्थिनीची अट मला मान्य आहे, इतकेच नव्हे तर ती राहावी असे मला मनापासून वाटते. या अटीमुळेच कितीतरी मुलींना पहिल्यांदा विचारणा झाली, हे मी आमच्याच विभागात पाहिले आहे. पण ज्या अटीचा हेतू मुलीला कामात घेण्याचा आहे, ती अट फॉर्मवर फक्त एका रकान्यातल्या नोंदीने पूर्ण होत असेल, तर समितीने अट पाळली असे म्हणता येणार नाही. आपल्याला नकळत टीममध्ये घातले गेल्याचे आमच्या विभागातल्या आणखी तीन मुलींनी मला सांगितले. त्यांपैकी एकीला ते प्रमाणपत्र हातात पडल्यावर कळले.

यंदाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात माझीही एक चूक आहे, ती मी आधीच सांगते. यंदा मी टीम लीडर होते. 31 प्रश्न मोबाइलवर भरताना माझ्या स्वतःच्या ईमेलमधला शेवटचा एक अंक माझ्याकडून गळला. फॉर्मने तो पत्ता स्वीकारला, कारण फॉर्म फक्त पत्त्याचे रूप तपासतो: मध्ये ॲटचे चिन्ह आहे का, पुढे डोमेन आहे का. तो पत्ता माझा आहे का, तो अस्तित्वात तरी आहे का, हे रूपावरून कळत नाही.

मोबाइल नंबरचेही असेच आहे. दहा अंक आहेत आणि पहिला अंक 6 ते 9 मधला आहे, एवढे फॉर्म तपासू शकतो. पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर तयार होणारा नंबरही तितकाच वैध दिसतो. आधार क्रमांकात शेवटचा बारावा अंक पडताळणीसाठी असतो आणि एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर गणिताने ते पकडता येते. मोबाइल नंबरात असा पडताळणीचा अंक नसतो. म्हणून संपर्काची माहिती तपासण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे त्या संपर्कावर काहीतरी पाठवून पलीकडून उत्तर मागणे. आपल्या फॉर्मने ते कधीच केले नाही.

अंतर्गत फेरीसाठी निवडलेल्या टीमना समितीने मेल पाठवले. 24 तासांत उत्तर देऊन सहभाग निश्चित करायचा होता आणि लीडरच्या व्हॉट्सॲप ग्रुपची लिंकही त्याच मेलमध्ये होती. आमची टीम निवडलेल्यांच्या यादीत होती. मेल माझ्या चुकलेल्या पत्त्यावर गेला. 24 तास उलटले आणि आमची जागा प्रतीक्षा यादीतल्या टीमला देण्यात आली. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी सूचना फलकावरून कळले.

मी समन्वयक सरांकडे गेले तेव्हा त्यांनी समितीचा इनबॉक्स माझ्यासमोर उघडला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तिथे `Address not found` असा परत आलेला मेल न वाचलेला पडून होता. म्हणजे निरोप पोहोचला नाही ही माहिती समितीकडे पहिल्या मिनिटापासून होती. आमच्या टीमच्या इतर पाच जणांचे ईमेल आणि मोबाइल नंबरही समितीकडे होते, कारण फॉर्मने ते सक्तीने घेतले होते. त्यांपैकी एकालाही मेलची प्रत गेली नाही आणि एकाही नंबरवर फोन झाला नाही. माझ्या एका अंकाच्या चुकीची शिक्षा पाच निर्दोष विद्यार्थ्यांना मिळाली. मी त्यांच्यासमोर उभी राहून हे सांगितले तो दिवस माझ्यासाठी फार कठीण होता.

यावर समितीचे उत्तर असे होते की, माहिती बिनचूक भरणे ही लीडरची जबाबदारी आहे. ती आहेच. तथापि भरलेल्या माहितीची प्रत मला मिळाली असती, तर ती चूक मला त्याच संध्याकाळी दिसली असती. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांची प्रत आपोआप पाठवण्याची सोय असते. ती बंद होती. भरलेले उत्तर दुरुस्त करण्यासाठी `Allow response editing` ही सोय असते. तीही बंद होती. ईमेल गोळा करण्याच्या पर्यायांत `Verified` निवडले, तर भरणारा ज्या खात्यातून साइन इन झाला आहे त्याचाच पत्ता नोंदला जातो आणि टाइप करायचा प्रश्नच उरत नाही. आपल्या फॉर्मवर पत्ता हाताने लिहायचा होता. या तिन्ही सोयी विनामूल्य आहेत आणि प्रत्येकीला एक मिनिटही लागत नाही.

आता त्या 50 शब्दांबद्दल लिहिते. नोंदणीच्या फॉर्ममधला हा सर्वांत मोलाचा रकाना आहे आणि त्याचीच सर्वांत जास्त हेळसांड होते.

आमची कल्पना गावच्या पाण्याच्या टाकीची होती. माझ्या गावी ग्रामपंचायतीची उंच टाकी आहे आणि ती किती भरली हे पाहायला पाणीपुरवठा कर्मचारी दिवसातून दोनदा लोखंडी शिडी चढतात. पावसाळ्यात शिडी निसरडी होते. ते चढले नाहीत तर टाकी वाहते, किंवा अर्धवट भरलेल्या टाकीतून पाणी सोडले जाते आणि शेवटच्या आळीला नळ कोरडा राहतो. मी पहिल्यांदा फॉर्मसाठी जे लिहिले ते असे होते: 'आयओटी आणि मशीन लर्निंग यांवर आधारित ग्रामीण जलव्यवस्थापनाची स्मार्ट प्रणाली.' या वाक्यात माझे गाव नाही, शिडी नाही आणि काय बनवणार हेही नाही. पण फॉर्मचा प्रश्न एवढाच होता, 'प्रकल्पाची कल्पना आणि वापरलेले तंत्रज्ञान', आणि अशा प्रश्नाला विद्यार्थी अशीच उत्तरे देतात.

त्या कर्मचारी काकांशी बोलल्यावर मी ते खोडले आणि नव्याने लिहिले: 'गावच्या टाकीतील पाणी पाहण्यासाठी कर्मचारी रोज दोनदा शिडी चढतो. टाकीच्या तळाशी दाब मोजणारा सेन्सर बसवून पाण्याची उंची त्याच्या साध्या फोनवर एसएमएसने कळवणारे यंत्र आम्ही करू. सादरीकरणात पिंपात पाणी भरून ते दाखवू. पंप आपोआप बंद करणे या टप्प्यात नाही.' हे 50 शब्दांच्या आत बसते. परीक्षकाला यातून अडचण कोणाची आहे ते कळते, आज काय केले जाते ते कळते, डोळ्यांनी काय पाहायला मिळेल ते कळते आणि टीमने कुठे थांबायचे ठरवले आहे तेही कळते. त्याच्यापुढचे प्रश्नही नेमके विचारता येतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर का नको, असे कोणी विचारले असते तर आम्ही सांगितले असते की, झाकणाखाली साचणारे दवाचे थेंब सेन्सरच्या तोंडावर बसले की त्याचे मोजमाप बिघडते. याउलट पाण्याची उंची एक मीटरने वाढली की तळाचा दाब साधारण 9.8 किलोपास्कलने वाढतो, आणि हे नाते झाकणाखाली काय चालले आहे यावर अवलंबून नसते. एसएमएस मराठीत पाठवायचा तर एका संदेशात 70 अक्षरचिन्हे बसतात, त्यांत काना, मात्रा आणि वेलांटीही मोजल्या जातात, म्हणून संदेश किती लहान ठेवायचा याचाही विचार आम्ही केला होता. परंतु हे सांगण्याची वेळ आमच्यावर आलीच नाही.

या कल्पनेच्या बाबतीत माझ्या दोन तक्रारी आहेत. एक अशी की, निवड कोणत्या निकषांवर झाली ते कोठेही लिहिलेले नव्हते. आमची निवड झाली होती, म्हणून मी हे स्वतःसाठी मागत नाही. ज्या टीम वगळल्या गेल्या त्यांना एका ओळीचेही कारण मिळाले नाही, आणि त्यांतल्या दोन कल्पना मला आमच्यापेक्षा चांगल्या वाटल्या होत्या.

दुसरी तक्रार गंभीर आहे. सर्व टीमची माहिती असलेली शीट समितीने स्वयंसेवक विद्यार्थ्यांना आणि नंतर लीडरच्या ग्रुपवर लिंकने पाठवली, आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडत होती. तीत प्रत्येक टीमची कल्पना होती आणि प्रत्येक सदस्याचा मोबाइल नंबरही होता. कल्पनेला कॉपीराइटचे संरक्षण नसते. कायदा संरक्षण देतो ते कल्पनेच्या मांडणीला, म्हणजे लिहिलेल्या मजकुराला, आकृतीला, कोडला. त्यामुळे हॅकेथॉनच्या आधी कल्पना जपायची असेल, तर ती गरज नसलेल्या माणसाला न दाखवणे हाच एक उपाय विद्यार्थ्याच्या हाती असतो, आणि तोच समितीने काढून घेतला. नंबरांबद्दल तर अधिक सांगण्याची गरज पडू नये. ती शीट फिरल्यानंतर मला आणि माझ्या मैत्रिणीला अनोळखी नंबरांवरून आठवडाभर मेसेज येत राहिले. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी पुढच्या वर्षी तिचे नाव कोणत्याही टीममध्ये द्यायचे नाही असे सांगितले आहे. एक मुलगी बंधनकारक करणाऱ्या स्पर्धेच्या नोंदणीतूनच एक मुलगी अशी बाहेर पडली.

आधार कार्डाची प्रत मागण्याचे कारणही मला समजलेले नाही. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचा आहे हे सिद्ध करायला महाविद्यालयाने दिलेले ओळखपत्र आणि पीआरएन पुरेसे आहेत. अगदीच लागले तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार असते. सहा जणांच्या आधारच्या प्रती लीडरने व्हॉट्सॲपवर गोळा करायच्या, आपल्या फोनमध्ये ठेवायच्या आणि मग अपलोड करायच्या, यात त्या किती ठिकाणी राहून जातात याचा विचार व्हावा. 2023 साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्रच असे आहे की, माहिती कशासाठी घेतली जाते ते माणसाला आधी सांगावे आणि त्या कामाला लागेल तेवढीच घ्यावी. आपल्या फॉर्मवर उद्देशाचे एकही वाक्य नव्हते.

फॉर्मच्या तळाशी एक सक्तीचा चौकोन मात्र होता: 'सादर केलेल्या प्रकल्पाचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील, हे आम्हाला मान्य आहे.' तो टिकमार्क केल्याशिवाय फॉर्म जात नव्हता आणि सहा जणांच्या वतीने तो मी एकटीने केला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते हे नमूद असावे लागते. त्या एका वाक्यात यातले काहीच नव्हते. समितीला आमचे हक्क खरोखर हवे आहेत असे मला वाटत नाही. ते वाक्य कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून आले असावे. तसे असेल तर ते काढून टाकावे.

आता मागण्या मांडते. त्या मांडण्यापूर्वी मी आणि माझ्या टीममधल्या एका मित्राने नोंदणीची दुसरी पद्धत प्रत्यक्ष करून पाहिली, म्हणून त्या करता येण्याजोग्या आहेत असे मी खात्रीने म्हणू शकते.

पहिली आणि मुख्य मागणी अशी की, प्रत्येक सदस्याने आपली नोंदणी स्वतः करावी. टीम लीडरने एका छोट्या फॉर्मवर टीमचे नाव, प्रॉब्लेम स्टेटमेंटचा क्रमांक आणि कल्पना भरावी; समितीने तिला एक टीम कोड द्यावा. मग लीडर धरून सहाही जणांनी आपापल्या खात्यातून साइन इन करून दुसरा फॉर्म भरावा. त्यात टीम कोड, स्वतःचे नाव, पीआरएन, लिंग आणि मोबाइल एवढेच असावे, ईमेल आपोआप नोंदला जावा, आणि 'मी या टीममध्ये स्वतःच्या इच्छेने सहभागी होत आहे' असे एक वाक्य असावे. शीटमध्ये टीमच्या ओळीसमोर पुढची दोन सूत्रे लिहिली की, किती जणांनी नोंद केली आणि त्यांत विद्यार्थिनी किती, हे आपोआप दिसते. यात `सदस्य` या पानावर टीम कोड B स्तंभात आणि लिंग E स्तंभात आहे, असे धरले आहे.

```
=COUNTIF('सदस्य'!B:B, A2)
=COUNTIFS('सदस्य'!B:B, A2, 'सदस्य'!E:E, "स्त्री")
```

पहिल्या सूत्राचे उत्तर 6 आणि दुसऱ्याचे किमान 1 आले तरच टीम पूर्ण धरावी. एखाद्याने तोच फॉर्म दोनदा भरला तर आकडा फुगेल, म्हणून प्रत्येक खात्याला एकच उत्तर देता येईल असे बंधन घालावे. एकच पीआरएन दोन टीमखाली दिसला तर निर्णय लीडरला न विचारता त्या विद्यार्थ्याला विचारावा. या पद्धतीत एक अडचण आहे हे मी मान्य करते: सहावा सदस्य आळस करेल आणि टीम अपूर्ण राहील. त्यासाठी मुख्य मुदत संपल्यावर फक्त सदस्यांच्या नोंदीसाठी 48 तास जास्त द्यावेत. याचा आणखी एक फायदा असा की, नाव ज्याचे त्याने लिहिले की प्रमाणपत्रावरच्या चुका कमी होतील. मार्कशीटवर आडनाव आधी येते आणि लीडर ते कधी पुढे तर कधी मागे लिहितो.

दुसरी मागणी, लीडरबरोबर एका पर्यायी सदस्याचा संपर्क घ्यावा आणि निवडीचा मेल सहाही जणांना जावा. मेल परत आला तर त्याच दिवशी फोन करावा. जागा दुसऱ्या टीमला देण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या सदस्यांशी बोलण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद समितीने ठेवावी.

तिसरी, भरलेल्या उत्तरांची प्रत लगेच मिळावी आणि मुदत संपेपर्यंत दुरुस्तीची सोय खुली असावी.

चौथी, कल्पनेसाठी एका प्रश्नाऐवजी तीन प्रश्न असावेत: अडचण कोणाची आहे, आज ते लोक काय करतात, आणि टीम सादरीकरणात नेमके काय चालवून दाखवणार. निकष फॉर्मवरच लिहावेत. वगळलेल्या टीमला किमान एका वाक्यात कारण कळवावे.

पाचवी, मोबाइल नंबर आणि कल्पना असलेली शीट फक्त समितीच्या प्राध्यापकांपुरती ठेवावी आणि स्वयंसेवकांना टीमचे नाव व खोली क्रमांक एवढीच यादी द्यावी. सध्या फिरत असलेली लिंक या आठवड्यात बंद करावी. आधारच्या प्रती मागणे थांबवावे आणि गेल्या दोन वर्षांत जमा झालेल्या प्रती पुसून टाकल्याचे लेखी जाहीर करावे. हक्कांचे ते वाक्य काढावे.

आमची हुकलेली संधी परत द्या अशी मागणी मी करत नाही. प्रतीक्षा यादीतली जी टीम आमच्या जागी गेली, तिने प्रामाणिकपणे काम केले आहे आणि तिची जागा काढून घेणे अन्यायाचे होईल. पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षात असेन आणि माझ्यासाठी ती शेवटची फेरी असेल. नवा फॉर्म उघडण्यापूर्वी, निदान 15 दिवस आधी, या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे समितीने कारणासह सूचना फलकावर लावावे, एवढी विनंती करते. आम्ही तयार केलेले दोन्ही फॉर्म आणि शीट यांची रिकामी प्रत समन्वयक सरांकडे दिलेली आहे. ती तपासून पाहण्यासाठी समिती बोलावेल त्या दिवशी आम्ही दोघेही येऊ.

आपली विनम्र,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि टीम लीडर
इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन विभाग